पॅनेलमधली गप्प खुर्ची

प्रश्न: मॅडम, गेल्या आठवड्यात माझी पहिलीच पॅनेल मुलाखत झाली. समोर चौघं होते. तिघं आळीपाळीने विचारत होते, पण चौथे गृहस्थ पाऊण तासात एक शब्द बोलले नाहीत. चेहरा कोरा, मधूनमधून काहीतरी लिहायचे. माझं लक्ष सारखं त्यांच्याकडे जायचं आणि शेवटी शेवटी मी काय बोलतेय हेच मला कळेना. निवड झाली नाही. पुढच्या महिन्यात दुसरीकडे मुलाखत आहे. असं कोणी परत समोर बसलं तर काय करू?

उत्तर:

ती चौथी खुर्ची मी स्वतः बऱ्याचदा सांभाळली आहे, तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला काय चाललेलं असतं ते आधी सांगते. माझ्यासमोर एक कागद असायचा. त्यावर चार-पाच रकाने: कामाची जाण, अडचण सोडवण्याची पद्धत, इतरांबरोबर जमवून घेणं, असे. प्रत्येकाला १ ते ५ पैकी गुण द्यायचे आणि शेजारच्या मोकळ्या जागेत तो गुण का दिला हे लिहायचं. तिथे 'मुलगी हुशार वाटली' असं लिहून भागत नसे, उमेदवार नेमकं काय बोलला ते टिपावं लागे. प्रश्न विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न डोक्यात जुळवायचा असतो, त्याला हे सगळं लिहिणं जमत नाही. म्हणून एकाला गप्प बसवतात. शिवाय मान डोलावू नका, हसून दाद देऊ नका, सगळ्या उमेदवारांसमोर सारखाच चेहरा ठेवा, अशी सूचनाही असायची. तुझ्यासमोरचा कोरा चेहरा कदाचित तुझ्यासाठी नव्हताच, सकाळपासून तो तसाच असेल.

प्रत्येक गप्प माणूस लिहिणाराच असतो असं नाही. कधी तो तुझ्या विषयातला जाणकार असतो आणि आपली पाळी येईपर्यंत थांबलेला असतो. कधी सगळ्यांत वरिष्ठ, तर कधी मुलाखती कशा घेतात ते शिकायला बसलेला नवा माणूस. सुरुवातीला ओळख करून देतात तेव्हा हुद्दा नीट ऐकलास तर थोडा अंदाज येतो. पण तो कोण आहे हे ओळखण्यात मुलाखतीतला एक मिनिटही घालवू नकोस, कारण तुला करायचं आहे ते चारही बाबतीत सारखंच आहे.

आता खरी गडबड कुठे होते ते बघ. एका मुलीला विचारलं होतं, "ठरलेल्या तारखेला काम पूर्ण झालं नाही असं कधी झालं का?" तिने छान सांगितलं. चौघांच्या गटात एकाने काम अर्धवट सोडलं. तिने दुसऱ्याच दिवशी उरलेलं काम तिघांत वाटलं, मार्गदर्शकांना आधीच कळवून चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्या मुदतीत काम दिलं. उत्तर तिथे संपलं होतं. मी ते लिहीत होते, त्यामुळे माझी मान खाली. तिने माझ्याकडे पाहिलं, काहीच प्रतिसाद दिसला नाही, आणि तिला वाटलं उत्तर पटलं नाही. मग तिने शेपूट जोडलं, "म्हणजे, तशी मुदत मागायची गरज नव्हती खरं तर..." परत माझ्याकडे पाहिलं. "...आणि तो मुलगा तसा चांगला होता, माझंच जरा लक्ष कमी पडलं असेल." एक चांगलं उत्तर तिने स्वतःच अर्ध्या मिनिटात खोडून काढलं. कागदावर मुदत मागितल्याचं वाक्य होतं आणि त्याच्या खालीच 'गरज नव्हती' हेही. चर्चेच्या वेळी दोघांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

तेव्हा पहिली गोष्ट, उत्तर कुठे संपवायचं ते आधी ठरव. शेवटचं वाक्य बोलून झालं की थांब. नंतरची शांतता भरून काढणं तुझं काम नाही. ज्याने प्रश्न विचारला तो पुढे बोलेल, किंवा कागदावरचं वाक्य पुरं व्हायची वाट बघेल. दोन-तीन सेकंद जातात. तुला ती लांब वाटतात, त्यांच्या लक्षातही येत नाहीत.

दुसरी गोष्ट नजरेची. "सगळ्यांकडे बघत बोला" हा सल्ला सर्रास देतात, आणि मग मुलं पंख्यासारखी मान फिरवत बसतात. ते नको. एक विचार एका माणसाकडे बघून पुरा करायचा, मग नजर हलवायची. त्याच उत्तरात बघ: "आमच्या चौघांतल्या एकाने काम मध्येच सोडलं" हे विचारणाऱ्याकडे बघून. "मग उरलेलं काम आम्ही तिघांत वाटून घेतलं" हे दुसऱ्याकडे. "मी मार्गदर्शकांना आधीच सांगून चार दिवस मागून घेतले" हे त्या गप्प माणसाकडे, कारण हे टिपून घेण्यासारखं वाक्य आहे. "आणि चौथ्या दिवशी काम दिलं" हे पुन्हा विचारणाऱ्याकडे बघून, आणि तिथेच पूर्णविराम. गप्प माणसाची मान खाली असेल तर ती वर यायची वाट बघू नकोस. तो ऐकतोय.

त्याला हसवायचा, बोलतं करायचा प्रयत्न करू नकोस. "सर, आपल्याला काही विचारायचं आहे का?" असं काही जण मोठ्या आत्मविश्वासाने विचारतात. मला ते कधीच आवडलं नाही. कोणी कधी बोलायचं हे पॅनेलने आपसांत ठरवलेलं असतं, त्यात आपण हात घालू नये. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं ते म्हणाले तर प्रश्न सगळ्यांना मिळून विचार, म्हणजे ज्याला उत्तर द्यायचं तो देईल. मुलाखत व्हिडिओवर असेल आणि त्या गप्प माणसाचा कॅमेरा बंद असेल तर त्या काळ्या चौकोनाकडे टक लावण्यात काहीच अर्थ नाही, सरळ कॅमेऱ्याकडे बघून बोल.

कधी कधी हा माणूस अगदी शेवटी तोंड उघडतो, आणि तेव्हा प्रश्न बहुधा त्याच्या टिपणातून आलेला असतो. "मघाशी तुम्ही म्हणालात की काम तिघांत वाटलं, मग तुमच्या वाट्याला नेमकं काय आलं?" इतका वेळ गप्प होता म्हणून हा सापळाच असणार, असं वाटून मुलं बचावाला लागतात. बहुतेक वेळा त्याचा एखादा रकाना रिकामा राहिलेला असतो, एवढंच. जे विचारलं तेवढंच सांग: "हिशेब तपासणं आणि अहवालाचा शेवटचा भाग." आणि मघाचं बोलणं खरंच चुकलं असेल तर "मघाशी मी चार दिवस म्हणाले, ते पाच होते" असं म्हणून मोकळी हो. सुधारलेलं वाक्य गुण घालवत नाही, न जुळणारी दोन वाक्यं घालवतात.

पुढच्या महिन्यापर्यंत हे तीनदा तरी करून बघ. दोघांना प्रश्न विचारायला बसव. तिसऱ्याला सांग की मान डोलवायची नाही, हसायचं नाही, फक्त ही जे बोलेल त्यातलं महत्त्वाचं लिहायचं. वीस मिनिटं पुरे. झाल्यावर तुझं कसं झालं हे त्याला विचारू नकोस, त्याचा कागद माग. तू सांगायला गेलेली गोष्ट त्यात आहे का बघ, आणि तिच्याखाली तूच जोडलेलं एखादं शेपूट आहे का तेही.