स्टूलचं तोंड बाळाकडे

अगं,

तुझा मेसेज वाचला. एनआयसीयूत नाईट लागली आणि बाळांपेक्षा बाहेर बसलेल्या बापांचीच जास्त भीती वाटते म्हणतेस. मलाही वाटायची. एका रात्रीचं सांगते, त्यात मी आधी चुकले होते.

बाळ ३१ आठवड्यांचं, तिसरा दिवस, वजन चौदाशे ग्रॅम, नाकात सीपॅप. आई सिझर झाल्यामुळे खालच्या वॉर्डात, आणि बाप रात्री अकरापासून वॉर्मरशेजारी उभा, नजर बाळावर नाहीच, सगळी मॉनिटरवर. पावणेतीनच्या सुमारास अलार्म वाजला. सॅच्युरेशन ८२, हार्ट रेट ९४. मी आधी बाळाकडे बघितलं, छाती हलत नव्हती, ओठ जरा काळपट. मान किंचित पुढे दुमडली होती ती सरळ केली, तळपायाला बोटाने हलकं टिचकवलं आणि त्याने श्वास घेतला. छाती हलायला लागली तरी स्क्रीनवरचा आकडा काही सेकंद मागेच राहतो, तो हळूहळू वर आला. हे सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम असेल.

मग मी वळून म्हणाले, "काही नाही झालं दादा, टेन्शन घेऊ नका."

झालं, तिथेच घोळ. त्या माणसाने ८२ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, आणि मी काही नाही म्हणतेय. तो म्हणाला, "सिस्टर, श्वास बंद झाला होता ना? खोटं का बोलताय?" आवाज चढला, हात थरथरत होते. त्याचं बरोबर होतं गं. मी स्टूल ओढलं, त्याला बसवलं, मीही खाली वाकले म्हणजे डोळे एका पातळीत येतील, आणि म्हणाले, "हो, थांबला होता. चुकलं माझं, आधीच सांगायला हवं होतं."

मग साध्या शब्दांत सांगितलं, की लवकर जन्मलेल्या बाळाचं श्वास घे म्हणून सांगणारं मेंदूतलं केंद्र अजून कच्चं असतं, त्यामुळे मधेच ते विसरल्यासारखं होतं. पाच-दहा सेकंदांचा थांबा असा येतच राहतो, पण वीस सेकंदांच्या वर गेला किंवा ठोके कमी झाले की आम्ही हात लावतो. त्यासाठी कॅफीन चालू आहे, आणि बहुतेक बाळांचं हे ३६-३७ आठवड्यांच्या आसपास कमी होत जातं. आज परत होऊ शकतं हेही सांगितलं. हे सांगायला मी घाबरत होते, पण आधीच सांगितलेला अलार्म वाजला की माणूस तेवढा हादरत नाही.

तो म्हणाला, "वाचेल ना?"

इथे हो म्हणावंसं वाटतं, म्हणू नकोस. मी म्हणाले, "तो शब्द मी नाही देऊ शकत. आत्ता तो स्वतः श्वास घेतोय, रंग चांगला आहे, आणि रात्रीत काही बदललं तर मी स्वतः तुम्हाला सांगेन, लपवणार नाही." तो काही बोलला नाही, पण खांदे जरा खाली आले.

नंतर त्याला काम दिलं. घड्याळ, अंगठी काढून कोपरापर्यंत हात धुवायला लावले, हात गरम झाल्यावर एक तळवा डोक्याला आणि एक दुमडलेल्या पायांना, नुसता ठेवायचा. बाप लोक लगेच कुरवाळायला लागतात, पण एवढ्या लहान बाळाला हलकं चोळणं सोसत नाही, दचकतं, सॅच्युरेशन पडतं. "दाबायचं नाही, हलवायचं नाही, फक्त धरायचं." आणि बाळाने बोटं फाकवली, उचकी लागली, मान फिरवली तर थोडा वेळ हात सैल कर म्हणून सांगितलं. स्टूल असं फिरवलं की मॉनिटर त्याच्या पाठीमागे जाईल.

साडेतीनला परत अलार्म, आकडा ७०. बाळ गुलाबी, छाती हलतेय, स्क्रीनवरची लाट वेडीवाकडी, म्हणजे पायावरचा प्रोब सैल झालेला (पण हे बाळाकडे बघून झाल्यावर ठरवायचं हं, आधी प्रोबला दोष द्यायचा नाही). तो वळला नाही. म्हणाला, "सिस्टर, श्वास घेतोय, पोट हलतंय." मी प्रोब नीट बांधला.

चार वाजता तो खाली बायकोकडे गेला. जाताना मी विचारलं, तिला काय सांगणार? मला वाटलं आकडे सांगेल. तो म्हणाला, "उजवा पाय जास्त मारतो, आणि माझं बोट धरून ठेवलं होतं." पाचला परत आला, हातात सिरिंज, बायकोने पिळून काढलेलं दीड एमएल चीकदूध, चेहरा असा की जणू बादलीभर आणलंय. ट्यूबने ते घातलं तेव्हा सिरिंज त्यालाच धरायला दिली.

उद्या ड्युटीला गेलीस की आधी प्रत्येक वॉर्मरजवळचं स्टूल बघ, तोंड कुठे आहे ते.

तुझी ताई