सुपरमार्केटसमोर आठ स्लाइड: पहिली पाकिटाची, चौथी पैशांची

«माझी लहान बेकरी आहे. ज्वारीचा एक नवा कुरकुरीत पदार्थ बनवलाय. सुपरमार्केटवाल्यांनी भेटीची वेळ दिली आहे. प्रेझेंटेशनमध्ये कोणत्या स्लाइड घेऊ आणि कोणत्या क्रमाने?»

आमची साताऱ्यात बेकरी आहे आणि आम्हीही ज्वारीच्याच लसूण स्टिक घेऊन पुण्यातल्या एका सहा दुकानांच्या साखळीकडे गेलो होतो. पहिल्या वेळी माझ्याकडे बावीस स्लाइड होत्या: आजोबांची भट्टी, ज्वारीचे गुण, आमची माणसं. खरेदी बघणाऱ्या साहेबांनी चौथ्या स्लाइडला थांबवून विचारलं, "एक्स्पायरी किती? आम्हाला किती सुटतात? उरलेला माल कोण नेणार?" तिन्हीची उत्तरं मी तोंडी आणि अंदाजाने दिली. माल घेतला गेला नाही. दुसऱ्या वेळी आठ स्लाइड नेल्या, त्यांचा क्रम खाली देते.

पहिल्या स्लाइडवर पाकिटाचा समोरून काढलेला एकच मोठा फोटो आणि बाजूला पाच गोष्टी: वजन १२० ग्रॅम, एमआरपी ६० रुपये, टिकाऊपणा ९० दिवस, एका खोक्यात २४ पाकिटं, आठवड्यातून कोणत्या वारी गाडी येते. बेकरी किती वर्षं चालते ते खाली एका ओळीत.

दुसरी स्लाइड त्यांच्याच दुकानातून मिळते. आदल्या आठवड्यात तिथे गिऱ्हाईक म्हणून जा आणि तुमचा माल ज्या फळीवर बसायला हवा तिथे काय काय आहे, किती वजनाचं, केवढ्याला, ते वहीत लिहून आणा. मला टोस्ट-खारीच्या फळीवर मैद्याचे आठ प्रकार दिसले, ज्वारीचा एकही नव्हता, आणि चहासोबत खायचं तिखट असं फक्त जिरा बटर होतं. स्लाइडवर एवढंच मांडलं. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवू नका, तो माल त्यांनीच निवडलेला असतो.

तिसरी स्लाइड विक्रीच्या पुराव्याची. स्वतःच्या काउंटरवरचा खप इथे फारसा कामाचा नाही, कारण तिथे लोक तुम्हाला ओळखून घेतात. आपल्या गल्लीबाहेरच्या दोन किराणा दुकानांत आठ आठवडे माल ठेवा आणि दर आठवड्याला किती दिला, किती विकला, किती परत आला हे लिहा. आमच्या एका दुकानात पहिल्या आठवड्यात २१ पाकिटं गेली, चौथ्यात ११ आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंत १३-१४ वर आकडा स्थिर झाला. सुरुवातीची विक्री चव बघणाऱ्यांची असते. खप उतरून जिथे थांबतो तो आकडा पुन्हा घेणाऱ्यांचा. मी उतार लपवला नाही, सगळे आठ आकडे ओळीने दिले, आणि साहेबांनी पेन काढून १४ वर खूण केली.

चौथ्या स्लाइडवर पैसे. इथे सगळ्यात जास्त वेळ घाला आणि हिशोब कागदावर स्वतः करा.

दुकानदार "पंचवीस टक्के" म्हणाला तर आधी विचारायचं, एमआरपीवर की खरेदीवर? एमआरपीवर २५ टक्के म्हणजे ६० मधले १५ त्यांचे, आपलं बिल जीएसटी धरून ४५ रुपये. खरेदीवर २५ टक्के म्हणजे ६० भागिले १.२५, बिल ४८ रुपये. शब्द तेच, पण पाकिटामागे तीन रुपयांचा फरक. मोठ्या दुकानांत बहुधा एमआरपीवरच बोलतात, म्हणून मी ४५ धरून चालते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, केक अशा बहुतेक बेकरी मालावर ५ टक्के जीएसटी आहे, तेव्हा ४५ मधून कर वजा जाता हातात ४२ रुपये ८६ पैसे येतात.

आता आपला खर्च. आमच्या स्टिकचा कच्चा माल १३ रुपये, पाऊच आणि खोकं साडेचार, मजुरी-गॅस-वीज ९, वाहतूक ३, मिळून साडेएकोणतीस. वरवर पाहता १३ रुपये ३६ पैसे उरतात. पण शंभर पाकिटं दिली की सगळी विकली जात नाहीत. सहा परत येतील असं धरा: ९४ पाकिटांचे साधारण ४,०२९ रुपये आले, शंभरांचा खर्च २,९५० झाला, उरले १,०७९. म्हणजे पाकिटामागे पावणेअकरा. त्यांनी ३० टक्के मागितले तर याच हिशोबाने आठच्या आसपास उरतात. किती टक्क्यांना नाही म्हणायचं, हे घरून ठरवून जा. तिथे बसून ठरवलंत तर हो म्हणून मोकळे व्हाल.

हा हिशोब मात्र स्लाइडवर टाकायचा नाही, तो तुमच्या खिशात. स्लाइडवर त्यांची कमाई दाखवा. एका पाकिटामागे कर वगळून त्यांना १४ रुपये २९ पैसे सुटतात, आठवड्याला १४ पाकिटं गेली तर एका दुकानात जवळपास २०० रुपये. आमचं पाकीट १४ सेंटीमीटर रुंद, दोन शेजारी शेजारी लावली की फूटभरापेक्षा कमी फळी लागते. "एक फूट फळी, आठवड्याला २०० रुपये" ही ओळ मी मोठ्या अक्षरात लिहिली होती. त्या फुटावर आज जे आहे ते किती देतं हे साहेबांना पाठ असतं, तुलना ते मनातच करतात.

पाचवी स्लाइड टिकाऊपणाची. ९० दिवस छापले म्हणजे ९० दिवस कसे, हे सांगता यायला हवं. एकाच घाण्यातली पंधरा पाकिटं बाजूला ठेवून दर आठवड्याला एक फोडायचं: चावताना कडक मोडते का, तेलाचा खवट वास येतो का, शेवटी कडवट लागते का. मे महिन्यात एकदा आणि श्रावणात एकदा असं दोनदा करा. उन्हाळ्यात तेल लवकर खवट होतं, पावसाळ्यात ओल शिरते. ज्वारीच्या पिठात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे जुनं पीठ वापरलं तर ताजी स्टिकही कडवट लागते. आम्ही दळून आठ दिवसांच्या आत वापरतो. अनेक दुकानं माल उतरवून घेताना दोन तृतीयांश आयुष्य शिल्लक मागतात, म्हणजे ९० दिवसांच्या पाकिटाचे किमान ६० दिवस उरलेले हवेत. तसं वेळापत्रक बसतं का ते आधी बघा.

इथेच आम्ही अडकलो होतो. पहिल्या पावसाळ्यात एका दुकानातून तीन खोकी परत आली, सगळ्या स्टिक नरम. पाऊच चांगला मेटलाइज्ड होता, मशीनही ठीक. एक पाकीट बादलीत पाण्याखाली धरून दाबलं तर वरच्या सीलमधून बारीक बुडबुड्यांची रेघ निघाली. कापून पाहिलं तर सीलमध्ये भाजलेल्या लसणाचा कण आणि थोडा चुरा अडकलेला. तेवढ्या फटीतून हवा आत जात होती. मग स्टिक भरण्याआधी चाळणीवर झटकून घेऊ लागलो, पाऊच दोन सेंटीमीटर लांब घेतला आणि दर घाण्यातली दहा पाकिटं पाण्यात दाबून बघायची सवय लावली. स्लाइडवर त्या बादलीचा फोटो आहे. सुंदर नाही, पण त्यावर सर्वांत जास्त प्रश्न येतात.

सहावी स्लाइड रिटर्न आणि पेमेंटची. तुमच्याकडून फुटलेलं किंवा नरम निघालेलं सगळं बदलून द्या. मुदतीला ३० दिवस उरलेला माल स्वतः उचला आणि त्याची क्रेडिट नोट द्या, मात्र महिन्याच्या मालाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच. वरची मर्यादा लिहिली नाही तर न खपलेलं सगळं तुमच्या अंगावर येतं. पेमेंटसाठी सरकारकडे लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करून नंबर इथे छापा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाहीत. तरीही तेवढे दिवस घरचे पैसे अडकतात: तीन दुकानांत सुरुवातीला ४८-४८ पाकिटं आणि वर खपेल तसं भरत गेलात, तर पहिला चेक येईपर्यंत चारशेवर पाकिटं गेलेली असतात, म्हणजे खर्चाने १२ हजारांच्या आसपास.

सातवी कागदपत्रांची, ती झटपट. चौदा आकडी एफएसएसएआय परवाना, प्रयोगशाळेचा पोषणमूल्यांचा रिपोर्ट आणि लेबलचा वाचता येईल एवढा मोठा फोटो. लेबलवर एमआरपीसोबत दर ग्रॅमची किंमत हवी, आमच्या पाकिटावर ५० पैसे. नावात ज्वारी असेल तर घटकांच्या यादीत ज्वारी किती टक्के ते लिहावं लागतं. आमच्यात ४० टक्के आहे, बाकी गहू, म्हणून गव्हाची ॲलर्जी सूचनाही. बारकोड अधिकृतपणे देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडूनच घ्या, ८९० ने सुरू होणारा, आणि प्रत्येक वजनाला वेगळा. बाहेर स्वस्तात मिळणारे नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर असू शकतात, आणि दुकानाच्या तपासणीत ते पकडले जातात.

आठवी स्लाइड मागणीची, आणि ती लहान ठेवा. आम्ही लिहिलं होतं: तीन दुकानं, आठ आठवडे, दोन पाकिटांची रुंदी, दर पंधरवड्याला फळी आम्ही येऊन भरू. एखाद्या दुकानात शेवटच्या चार आठवड्यांत आठवड्याला आठपेक्षा कमी गेली तर तिथला माल आम्ही स्वतः काढून घेऊ. सहाही दुकानं मागण्यापेक्षा हे मान्य करणं त्यांना सोपं गेलं. आधी फक्त दोन दुकानं मिळाली, तिसरं दोन महिन्यांनी.

जाताना बरोबर दोन पाकिटं न्या, एक कालचं आणि एक साठ दिवसांपूर्वीचं. तारखा त्यांना वाचायला द्या आणि जुनं आधी फोडा. माझ्यासमोर त्यांनी जुन्यातली स्टिक मोडली, आवाज ऐकला, आणि दुसरी खाल्ली.