'नेहमी' आणि 'कधीच' दिसला की पर्याय काटायचा का?

"दादा, मी राजारामपुरीत अभ्यासिकेत बसून सरळसेवेची तयारी करायलोय. क्लासचे सर म्हणतात 'नेहमी', 'कधीच', 'फक्त', 'सर्व' असला शब्द दिसला की तो पर्याय डोळं झाकून काटायचा. असं का असतंय? आणि ते खरंच चालतं का?"

भावा, सरांचं बरंचसं बरोबर आहे, पण डोळं झाकून नको.

आधी कारण बघ. 'नेहमी' म्हटलं की त्या वाक्यानं सगळ्याच्या सगळ्या उदाहरणांची जबाबदारी अंगावर घेतली, त्यातलं एक जरी उलटं निघालं तर अख्खं वाक्य खोटं. 'असू शकतं', 'काही वेळा' यांचं बरोबर उलटं, एक उदाहरण सापडलं तरी वाक्य खरं. आता पेपर काढणाऱ्याच्या जागी बसून बघ, त्याला एक बरोबर उत्तर पाहिजे आणि तीन असे चुकीचे पर्याय पाहिजेत जे दिसायला बरोबर वाटतील पण उद्या कुणी हरकत घेतली तर पक्के चुकीचे ठरतील. मग सगळ्यात सोपं काम कुठलं, तर पुस्तकातलं एक खरं वाक्य उचलायचं आणि त्यात 'नेहमी' घुसडायचं. वाक्य ओळखीचं असतं म्हणून पोरं फसतात, आणि बरोबर पर्यायाला हरकत येऊ नये म्हणून त्यात मात्र 'साधारणपणे', 'काही' असं घातलेलं असतं.

मराठी व्याकरणाचाच प्रश्न घेऊ. समज विधान आलं, 'विशेषण नेहमी नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते'. काळा घोडा, काळी घोडी, काळं घोडं, अगदी बरोबर वाटतंय. पण 'लाल' घे, लाल घोडा, लाल घोडी, काहीच बदललं नाही. गेलं वाक्य. मग पेपरवाला जरा हुशार असला तर लिहील, 'आकारान्त विशेषण नेहमी बदलते'. इथं बरीच पोरं टिक करतात, कारण चांगला, मोठा, गोरा, काळा सगळे बदलतात आणि 'लाल'चा अडथळा पण गेला. आता जोतिबाच्या चैत्र यात्रेला एसटी काय सोडते? 'जादा गाड्या'. जादी गाडी, जादे पैसे असं कोण म्हणतंय का? जादा गाडी, जादा पैसे, जादा काम, शब्द आकारान्त आहे आणि जागचा हलत नाही. एका 'जादा'नं अख्खा नियम पाडला, पण तेच वाक्य 'आकारान्त विशेषणे बहुधा बदलतात' असं असतं तर 'जादा' असूनही ते बरोबरच राहिलं असतं. म्हणजे शब्द बघून लगेच काटायचं नाही, शब्द बघून अपवाद शोधायचा, आणि तो सापडला की काटायचं.

अपवाद नाहीच सापडला तर? मग वाक्य कशाबद्दल आहे ते बघ. भाषा, माणसं, शेती, हवामान असल्या गोष्टीत अपवाद निघतोच. पण व्याख्या, गणित, कायदा यात 'कधीच' बिनधास्त खरं असतं. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, हे खरंच आहे, घटनेच्या कलम 83 मध्येच तसं आहे. सरांचा नियम लावून हा पर्याय काटलास तर गुण गेला, आणि पेपर काढणाऱ्यांना पण ही क्लासवाली युक्ती माहीत असते बरं का, म्हणून ते मुद्दाम असली वाक्यं टाकतात.

आणि एक गोष्ट पोरं हमखास विसरतात, ती म्हणजे आपला 'च'. 'फक्त' डोळ्यात भरतो, 'च' शब्दाला चिकटून गुपचूप बसलेला असतो, आणि काम तेच करतो. शिवाय तो कुठं चिकटलाय त्यावर सगळा खेळ. 'धन विधेयक लोकसभेतच मांडतात', हे खरं, कारण कलम 109 प्रमाणे ते राज्यसभेत मांडता येत नाही. आता 'लोकसभेत धन विधेयकच मांडतात', हे साफ खोटं, कारण साधी विधेयकं पण तिथं मांडतातच की. शब्द तेच, 'च' फक्त इकडचा तिकडं गेला. पहिल्यात बंधन विधेयकावर आहे, दुसऱ्यात लोकसभेवर. घाईत वाचताना दोन्ही वाक्यं एकच वाटतात, म्हणून 'च' ज्याला चिकटलाय त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि मग 'याच्याशिवाय दुसरं काही चालतं का' असं विचारायचं.

नकार आला की मात्र जरा थांब. 'सर्व विशेषणे बदलत नाहीत' याचा अर्थ एकही बदलत नाही, का काही बदलतात आणि काही नाहीत? मराठीत दोन्ही अर्थ निघतात, बोलताना जोर कुठं दिला त्यावरनं कळतं, छापील कागदावर कळत नाही. चांगला पेपरवाला तिथं 'एकही विशेषण बदलत नाही' नाहीतर 'काही विशेषणे बदलत नाहीत' असं स्पष्ट लिहितो. तसं नसेल तर आधी बाकीचे पर्याय तपासून घे, आणि उत्तरतालिका आल्यावर हरकत घ्यायला असला प्रश्न एकदम चांगला.