इंग्रजी ॲग्रीमेंट टू सेल बाबांना मराठीत कसं सांगू?

प्रश्न: जमिनीचं ॲग्रीमेंट टू सेल इंग्रजीत आहे, बाबांना सोप्या मराठीत सांगायचंय पण कायद्याचे शब्द चुकायला नकोत.

त्याला खरेदीखत अजिबात म्हणू नका, साठेखत म्हणा, आपल्याकडं संचकारपत्र म्हटलं की बाबांना लगेच कळेल. मी खानापुरात बॉण्ड रायटरकडं काम करतो, ही चूक कायम बघतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 54 प्रमाणं नुसत्या या कागदानं जमिनीत हक्क येत नाही, म्हणून ‘शॅल सेल’ला ‘विकली’ नको, ‘विकून देणार’ सांगा, नाहीतर बाबा समजतील जमीन आपली झाली आणि बाकीचे पैसे देऊन मोकळे होतील. एन्कम्ब्रन्स म्हणजे बोजा, जमिनीवरचं सोसायटीचं कर्ज त्यातच आलं, ‘अडचण’ म्हटलं तर अर्थच जातो. फक्त ताबा आत्ताच दिलाय असं लिहिलं असेल तर ताबा घेतलेल्याला संरक्षण देणाऱ्या, त्याच कायद्यातल्या कलम 53अ चा विषय येतो, तेवढं वकिलाला दाखवून मगच सांगा.