‘येणार का?’ आणि ‘का आला?’: मथळ्यातले प्रश्नचिन्ह

प्रश्न: मी नाशिकमधल्या एका स्थानिक बातमीपत्रात काम करते. परवाच्या पावसात मी मथळा दिला होता, ‘गंगापूरमधून विसर्ग वाढला, गोदावरीला महापूर येणार का?’ आमचे वरिष्ठ म्हणाले, हा क्लिकबेट आहे. पण साधा मथळा दिला तर कोणी उघडतच नाही. प्रश्नार्थक मथळा टाळायचाच का? आणि ‘महापूर’, ‘रौद्ररूप’ असे शब्द वापरावेत की नाही?

उत्तर: प्रश्नार्थक मथळा टाळायची गरज नाही. तुमच्या वरिष्ठांना जे खटकले ते माझ्या मते प्रश्नचिन्ह नसावे. खटकली असावी ती ‘का’ची जागा.

मराठीत ‘का’ वाक्याच्या शेवटी आला की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असते. तोच ‘का’ क्रियापदाच्या आधी आला की कारण विचारतो. ‘पाणी वाढले का?’ आणि ‘पाणी का वाढले?’ या दोन मथळ्यांत शब्द तेच आहेत, पण दुसरा लिहायचा तर पाणी वाढल्याची खात्री हवी आणि कारणही हाताशी हवे. पहिल्याला काहीच लागत नाही. तो घरबसल्या लिहिता येतो आणि म्हणूनच तो इतका दिसतो. क्रियापद गाळले की गोंधळ आणखी वाढतो. ‘गोदाकाठी पूर का?’ असा मथळा वाचून पूर आलाय की नाही हे विचारले आहे, की तो कशामुळे आला हे सांगणार आहेत, ते कळायला बातमीच उघडावी लागते. काही जण हे मुद्दाम करतात, बहुतेक जण घाईत करतात.

ब्रिटिश पत्रकार इयन बेटरिज यांनी २००९ मध्ये एक चिमटा काढला होता. प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कुठल्याही मथळ्याला ‘नाही’ असे उत्तर देता येते, असा त्याचा आशय. हा चिमटा बसतो तो हो-नाहीच्या प्रश्नांना, म्हणजे आपल्याकडे शेवटच्या ‘का’ला. ‘किती’, ‘कधी’, ‘कुठे’, ‘कशामुळे’ यांना ‘नाही’ असे उत्तर देताच येत नाही.

आता तुमचा मथळा घेऊ. ‘महापूर येणार का?’ याऐवजी ‘महापुराची शक्यता’ असे लिहून पाहा. लगेच कोणीतरी विचारेल, शक्यता कोणी वर्तवली? जलसंपदा विभागाने, हवामान खात्याने, की चहाच्या टपरीवर? ‘शक्यता’ म्हटले की सांगणाऱ्याचे नाव द्यावे लागते. ‘येणार का?’ म्हटले की द्यावे लागत नाही. पुष्कळ मथळ्यांत प्रश्नचिन्ह बसते ते नेमके नाव नसलेल्या जागी. म्हणून शेवटचा ‘का’ लिहिण्याआधी त्याचे उत्तर बातमीच्या पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात लिहावे. ते ‘सध्या तरी नाही’ असे निघाले तर मथळा फसवा आहे. ‘सांगता येत नाही’ असे निघाले तर ती बातमी नव्हे, काळजी आहे. ‘हो’ निघाले तर प्रश्न कशाला, सरळ सांगावे.

याच कुळातला एक प्रकार म्हणजे ‘की’. ‘पूर येणार की ओसरणार?’ हा वरवर समतोल वाटतो. पण पाऊस थांबलेला आहे आणि विसर्ग कमी केलेला आहे, तेव्हाही तो दोन्ही शक्यता सारख्याच वजनाच्या करून ठेवतो.

मग ओढ कशाने लावायची? समजा त्या दिवशी दुपारी गंगापूर धरणातून ६,००० क्युसेकने पाणी सोडले आणि रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी चढले. (हे आकडे उदाहरणापुरते धरा.) क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. हे माहीत असूनही ६,००० क्युसेक डोळ्यांसमोर येत नाही. मारुतीचा गुडघा येतो. नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या गोदेचे पाणी या मूर्तीवर मोजत आले आहेत: पायाशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, डोक्यावरून. पंचवटीतल्या माणसाला ‘कमरेला’ ऐकले की गाडी कुठे लावायची नाही ते कळते, सराफ बाजारातल्या माणसाला दुकानातला माल वर चढवायचा की नाही ते कळते. तेव्हा ‘गंगापूरमधून ६,००० क्युसेक, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी’ हा मथळा घ्या. यात एकही भावनिक शब्द नाही, आणि जुन्या नाशकात तो वाचून कोणी पुढे सरकणार नाही.

प्रश्नच हवा असेल तर ‘६,००० क्युसेक सोडले, तर रामकुंडावर पाणी किती चढते?’ असा करा. मात्र मग बातमीत ते सांगावे लागेल: मागच्या विसर्गांच्या वेळी पाणी कुठवर आले होते, आणि धरणाचा विसर्ग नि शहरातल्या होळकर पुलाखालचा प्रवाह हे आकडे वेगळे का असतात. धरणाखालच्या भागात पडलेला पाऊस आणि शहरातले नाले वाटेत नदीला मिळतात, त्यामुळे जोराच्या पावसात पुलाखाली धरणाच्या विसर्गापेक्षा जास्त पाणी असते. हे समजावून सांगणाऱ्या बातमीला ‘होळकर पुलाखाली धरणापेक्षा जास्त पाणी का?’ असा मथळा द्यायला माझी हरकत नाही. इथेही ‘का’ शेवटी आहे, पण वाक्यातली तुलना तो कारणाचा आहे हे सांगून टाकते. उलट पुलाखालचा मोठा आकडा उचलून त्याला ‘धरणातून विसर्ग’ म्हणणे ही चूक मी छापलेली पाहिली आहे. आकडाही भीती घालतो, आणि तो शब्दांपेक्षा कमी तपासला जातो.

‘महापूर’ या शब्दाबद्दल मी कंजूष आहे. नाशकात या शब्दाला वर्षे चिकटलेली आहेत. म्हाताऱ्या माणसांना १९६९ आठवते, त्यांच्या मुलांना २००८, त्यापुढच्यांना २०१६ आणि २०१९. मारुतीच्या गुडघ्याला पाणी असताना तो खर्चला, तर मूर्ती दिसेनाशी होईल त्या दिवशी काय लिहिणार? खालच्या पायऱ्यांवर मराठीने भरपूर शब्द देऊन ठेवले आहेत: पाणी वाढले, पातळी चढली, नदी दुथडी भरून वाहू लागली, पात्राबाहेर आली, पूर आला. ‘दुथडी’ म्हणजे दोन्ही काठ भरून. पात्र सोडलेले नाही हे त्या एका शब्दात येते, वर तो सुंदरही आहे. ‘पूरसदृश स्थिती’ मात्र टाळा. तो सरकारी कागदावरचा शब्द आहे. लोक विचारतात, पूर आहे की नाही?

‘रौद्ररूप’, ‘खवळली’, ‘तांडव’ यांत नदीला राग आलेला असतो. कधी शोभतेही. पण मथळ्यात त्यांचा तोटा असा की पाणी कुठे आहे ते त्यांच्यातून कळत नाही. त्यापेक्षा क्रियापदाकडे बघा. पाणी दुकानात ‘आले’, ‘शिरले’, ‘घुसले’ यांत चढती भाजणी आहे. ‘शिरले’मध्ये फटीतून, उंबऱ्यावरून आत येणे आहे, ‘घुसले’मध्ये जोर आणि अवचितपणा आहे. ‘वेढले’ म्हटले की बाहेर पडायची वाट बंद झाली. ‘भांडी बाजाराला पाण्याने वेढले’ हे खरे असेल तर त्यावर ‘भीषण’ची फोडणी नको, आणि खरे नसेल तर ‘भीषण’ने ते खरे होत नाही.

भावनिक विशेषणाला मी एक प्रश्न विचारतो: ही भावना कोणाची? ‘हळहळ’, ‘आक्रोश’, ‘संताप’ या बातमीतल्या माणसांच्या भावना असतात. ती माणसे बातमीत असतील, बोलत असतील, तर शब्द खुशाल वापरा. ‘पंचनामे रखडले, दुकानदारांचा संताप’ या मथळ्याखाली संतापलेले निदान दोन-तीन दुकानदार भेटले पाहिजेत. ‘धक्कादायक’, ‘थरारक’, ‘हृदयद्रावक’ यांचे तसे नाही. ते वाचकाला आधीच सांगून ठेवतात की तुम्हाला काय वाटणार आहे. ‘पुरात अडकलेल्या तरुणाची थरारक सुटका’ यापेक्षा ‘झाडाला धरून तीन तास, पुरातून तरुणाची सुटका’ हे वाचताना अंगावर काटा जास्त येतो, कारण तो वाचकाचा स्वतःचा असतो.

तुम्ही विचारले नाही, पण मला प्रश्नचिन्हापेक्षा जास्त चीड आणणारा एक शब्द आहे, तो म्हणजे लपवणारा ‘या’. ‘नाशिकच्या या भागांत पाणी शिरणार’, ‘या धरणातून मोठा विसर्ग’. मराठीत ‘हा, ही, या’ हे दर्शक शब्द, बोट दाखवायचे. इथे बोट दाखवून दार लावून घेतले जाते. कुठल्या कलाकाराने कुठली गाडी घेतली हे असे लपवले तर कोणाचे फार बिघडत नाही. पण पुराच्या रात्री गंगावाडीतल्या माणसाला जे पाहिजे ते नेमके त्या ‘या’च्या आत कोंडलेले असते, आणि नेट मंद असेल तर पान उघडेपर्यंत तो ताटकळतो. ‘सराफ बाजार, भांडी बाजार, गंगावाडी सावध’ असे लिहा. गावांची, पेठांची, पुलांची नावे हीच स्थानिक बातमीची खरी ओढ असते. ‘नाशिककरांनो, सावधान!’ हेही मी तेव्हाच लिहीन, जेव्हा पुढच्याच शब्दांत काय करायचे ते असेल: ‘गोदाकाठची वाहने रात्री आठपूर्वी हलवा’.

शेवटी, फोनसाठी लिहिताना मराठीची एक अडचण ध्यानात असू द्या. आपला हो-नाहीचा ‘का’ वाक्याच्या टोकाला असतो, आणि सूचनेच्या पट्टीत लांब मथळ्याचे टोकच कापले जाते. तुमचा मथळा पुष्कळांच्या पडद्यावर ‘गंगापूरमधून विसर्ग वाढला; गोदावरीला महापूर येणार…’ असा दिसला असेल. पुढे व्हॉट्‌सॲपवर कोणी तो हाताने टाइप केला तर तीन टिंबेही जातात, आणि तुम्ही विचारलेला प्रश्न तुमच्याच नावावर भाकीत म्हणून फिरतो. म्हणून पाणी किती आणि कुठे हे मथळ्याच्या पहिल्या चार-पाच शब्दांत यावे, आणि प्रश्न विचारायचाच तर प्रश्नशब्द पुढे घ्यावा: ‘किती चढेल गोदावरी? गंगापूरमधून ६,००० क्युसेक’. वर्तमानपत्राच्या कागदावर ही उलटी रचना थोडी नाटकी वाटते. फोनवर ती चालते, आणि कापली गेली तरी प्रश्नाचा प्रश्नच राहतो.