वांगं दाबून का बघायचं

"बाबा, वांगी घेताना तू प्रत्येक वांगं दाबून, उलटंसुलटं करून का बघतोस? मी अशीच उचलून आणली आणि भरली वांगी कडू झाली. आता काय करू?"

प्रिय मनू,

तुझी वांगी जून निघाली. वांगं आपण खातो ते कच्चं फळ असतं. झाडावर जास्त दिवस राहिलं की त्याचं सगळं लक्ष बिया पिकवण्याकडे लागतं. बिया कडक आणि तपकिरी होतात, गर स्पंजासारखा सैल पडतो आणि बियांभोवतीचा कडवटपणा वाढतो. म्हणून दुकानात आपल्याला एकच गोष्ट ओळखायची असते: आत बी धरून कडक झालं आहे की नाही.

पहिली खूण चकाकीची. कोवळ्या वांग्याचं साल ताणलेलं असतं आणि त्यावर प्रकाश चमकतो. तेच वांगं जून झालं की रंग फिका, मळकट होतो, पुढे तपकिरी किंवा पिवळसर झाक येते. अशा वांग्याकडे वळूच नकोस, ते कितीही मोठं आणि स्वस्त असलं तरी.

मग अंगठ्याने हलकेच दाब. खड्डा पडून लगेच भरून आला तर वांगं घ्यायचं. खड्डा तसाच राहिला तर आतला गर सैल झाला आहे, किंवा वांगं शिळं होऊन सुकलं आहे. वजनावरून मात्र गडबड होते. एकाच आकाराच्या दोन वांग्यांत हलकं घे, म्हणजे बी कमी, असं आपल्याकडे सांगतात. पण सुकलेलं वांगंही हलकंच लागतं. म्हणून आधी चकाकी आणि दाब, वजन त्यानंतर.

देठाची टोपी हिरवी, घट्ट चिकटलेली हवी. काट्यांच्या जातीत काटे टोचले तर वाईट मानू नकोस, फळ ताजं असल्याचीच ती खूण आहे. जांभळ्या वांग्याची टोपी किंचित उचलून बघता आली तर खाली पांढुरकी पट्टी दिसते. ती रुंद असेल तर फळ भरभर वाढत असतानाच तोडलेलं आहे. सालीवर बारीक भोक दिसलं तर ते बाजूला ठेव, आत अळीचं काम झालेलं असतं. आणि बूड बघून नर वांगं, मादी वांगं ओळखण्याच्या गोष्टी सोडून दे. फळात नर-मादी नसतं, त्यावरून बियांचा अंदाज लागत नाही.

भरल्या वांग्यांना निवड जास्त महत्त्वाची, कारण तिथे नंतर दुरुस्तीला फार वाव नसतो. देठ ठेवून चार चिरा दिल्या की वांगं आतून पूर्ण उघडत नाही आणि बी काढताही येत नाही. म्हणून चिरा दिल्या की प्रत्येक वांग्यात डोकावून बघ. गर पांढरा आणि बी मऊ, फिकी असेल तर पुढे जा. बी तपकिरी आणि टचटचीत दिसली तर ते वांगं वेगळं काढ, मसाल्यात घालू नकोस. एक कडू वांगं सगळ्या रश्शाला कडू करतं.

वेगळं काढलेलं वांगं फेकायचं नाही. त्याच्या मोठ्या फोडी कर, बियांचे दाट पुंजके सुरीने खरवडून टाक. अर्ध्या किलोला एक चहाचा चमचा मीठ चोळून चाळणीत अर्धा तास ठेव. तपकिरी पाणी सुटेल. ते ओत, फोडी धू आणि हाताने दाबून पिळ. त्यामुळे कडवटपणा कमी होतो, मीठही उरलेला कडूपणा झाकतं, आणि गर बसल्यामुळे फोडी तेलही कमी पितात. एरवी आपण चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकतो, ते मुख्यतः काळी पडू नयेत म्हणून. कडू वांगं त्याने गोड होत नाही.

आता तुझ्या कढईतल्या भाजीचं. चिंचेचा कोळ आणि गूळ थोडा थोडा वाढव, दाण्याचं कूट असेल तर तेही. कडू जाणार नाही, पण दबेल. आणि एक बघ, काही वेळा कडू नसून अर्धकच्चं असतं: तुरट लागतं, घशाला खाजतं. झाकण ठेवून दहा मिनिटं आणखी शिजव आणि मग चव घे.

पुढच्या वेळी आणलीस की फ्रिजच्या गार कप्प्यात ठेवू नकोस. दहा अंशांखाली वांग्याला थंडी बाधते, सालीवर खड्डे पडतात आणि बी आतून तपकिरी होते. मग ताजं वांगंही जून वाटतं. स्वयंपाकघरात सावलीत, कागदात सैल गुंडाळून ठेव आणि दोन दिवसांत कर.

तुझा,
बाबा