पेपर टाकल्यावर मालक "थांब" म्हणाले, तर?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. ४ वर्षं ८ महिने झाले. हातात ३१,५०० येतात, बेसिक १८,०००. रविवारीसुद्धा बोलावतात, म्हणून वैतागून चाकणची ६.६ लाखांची ऑफर घेतली आणि पेपर टाकला. दोन महिन्यांच्या नोटिशीतले १२ दिवस गेले. आता मालक म्हणतात, "हातात ४२ हजार देतो, थांब." घरी आई एकटी आहे. थांबू की जाऊ?

उत्तर:

आधी चाकणच्या आकड्याचं बघू, कारण ६.६ लाख आणि ४२ हजार हे दोन आकडे एका तराजूत बसत नाहीत. ६.६ लाख ही सीटीसी आहे, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो सगळा खर्च, महिन्याला ५५,०००. ऑफर लेटरला पगाराचं विवरण जोडलेलं असेल, ते काढून बसा. समजा तिथे बेसिक २६,००० धरलंय. मग कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ३,१२०, त्या ५५,०००तच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात, म्हणजे साधारण १,२५०, तीही त्यातच. वर्षाचे ६०,००० व्हेरिएबल असतील तर महिन्याला ५,००० बाजूला काढा, ते दर महिन्याला येत नाहीत. मेडिक्लेमचे पाचशे धरा. राहिले ४५,१३०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,१२० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ४१,८१० पडतात. विवरणातले आकडे थोडे वेगळे असतील, पण हिशेब असाच करायचा.

म्हणजे दोन्हीकडे हातात ४२ हजारांच्या आसपासच येतंय. त्यात चाकणला खोली, मेस आणि महिन्यातून दोनदा मिरजेपर्यंतचं येणं-जाणं धरलं, तर दोघांत खोली घेऊनही १२ हजारांच्या खाली भागेल असं मला वाटत नाही. इथे तुम्ही घरी जेवता. नुसत्या पैशाचं विचाराल तर मालकांची ऑफर सरस आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करा. "काउंटर ऑफर कधीच घेऊ नये" असं सरसकट सांगणारे पुष्कळ भेटतात. मी तसं सांगणार नाही.

पण तुम्ही पेपर पगारासाठी टाकला नव्हता. प्रश्नात तुम्हीच लिहिलंय, रविवारी बोलावतात म्हणून. मालकांनी उत्तर दिलंय पगाराचं. माझी सगळी अडचण इथे आहे, कारण हीच चूक मी केली होती.

मी तेव्हा सातारा एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. दोन शिफ्टना मिळून मेंटेनन्सचा मी एकटाच. रात्री दोनला फोन यायचा आणि मी गाडी काढायचो. दुसरीकडून बोलावणं आलं, मी पेपर टाकला. तिसऱ्या दिवशी मॅनेजरांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला. सहा हजार वाढवतो म्हणाले, आणि महिन्याभरात तुझ्या हाताखाली एक माणूस देतो म्हणाले. पगारवाढीचं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं. त्यात माणसाबद्दल अक्षर नव्हतं. मी विचारलं नाही, कारण एवढं चांगलं बोलल्यावर लिहून मागणं मला अविश्वासाचं वाटलं. माणूस आला सातव्या महिन्यात. आणि तो माझ्या हाताखाली नव्हता, माझं काम शिकून घ्यायला होता. दरम्यान एप्रिल येऊन गेला. सगळ्यांची वाढ झाली, माझी झाली नाही. "तुझं तर आधीच केलंय ना," असं उत्तर मिळालं. वर्ष भरायच्या आत मी तिथून बाहेर पडलो, तेही आधीच्या ऑफरपेक्षा कमी पगारावर. ज्यांना आयत्या वेळी नाही म्हटलं होतं, त्या कंपनीने परत दारात उभं केलं नाही.

त्या एप्रिलचा हिशेब तुम्ही आजच करून ठेवा. तुमचा ढोबळ पगार आत्ता ३४ हजारांच्या घरात आहे. नेहमीची ८ टक्के वाढ झाली असती तर २,७०० तुम्हाला न मागता मिळालेच असते. मालक पुढचा एप्रिल गिळणार असतील, तर साडेदहा हजारांतले २,७०० हे तुमचेच पैसे तुम्हाला आधी दिले एवढंच झालं. म्हणून थेट विचारायचं: "ही वाढ एप्रिलच्या वाढीव्यतिरिक्त आहे ना?" उत्तर हो असेल तर तेवढं एक वाक्य पत्रात आलं पाहिजे.

वाढ कुठल्या खान्यात टाकतात तेही बघा. सगळे साडेदहा हजार "विशेष भत्ता" म्हणून दाखवले आणि बेसिक १८,०००च ठेवलं, तर हातात तेवढेच येतील, पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी जागची हलणार नाही. नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच मोजायचा आहे, त्यामुळे अशी मांडणी मालकांनाही फार सोयीची नाही. आणि "रिटेन्शन" हा शब्द दिसला तर पुढची ओळ दोनदा वाचा. थांबल्याबद्दलचा हा बोनस बहुतेक वेळा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने मिळतो, आणि मुदतीआधी सोडल्यास परत करावा लागतो. तो पगार नव्हे.

ग्रॅच्युइटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ४ वर्षं ८ महिने वाचल्यावर राहवत नाही. नियम पाच वर्षांचा आहे. आजच्या बेसिकवर हिशेब १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५, म्हणजे जवळपास ५२,००० रुपये. नोटीस संपेल तेव्हा तुमची ४ वर्षं आणि साधारण २९० दिवस झालेले असतील. पाचव्या वर्षात कामाचे २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे, पण बऱ्याच कंपन्या ते आपणहून मानत नाहीत आणि पूर्ण पाच वर्षांवर अडून बसतात. २९० दिवसांतले ४०-४२ रविवार वजा केले तरी तुम्ही २४०च्या वर राहता, आणि तुम्ही तर रविवारीही गेलात. म्हणून हजेरीच्या नोंदीची प्रत आत्ताच मागून ठेवा, मागच्या तारखेची नोंद नंतर मिळवणं अवघड जातं. सरळ मार्ग हवा असेल तर चाकणच्या एचआरला रुजू होण्याची तारीख अडीच महिने पुढे ढकलता येईल का ते विचारा आणि इथे नोटीस तेवढी लांबवून मागा. बहुतेक चाकणवाले नाही म्हणतील. पण ५२ हजारांसाठी अडीच महिने थांबणं आणि मालकांची ऑफर घेऊन राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या नादात दुसरीला हो म्हणू नका.

आता रविवारचं. तुम्हाला रविवारी का बोलावतात? माझा अंदाज असा की अंतिम तपासणीला दुसरा सही करणारा माणूसच नाही. शनिवारी रात्री माल तयार होतो, सोमवारी गाडी निघायची असते, आणि रिपोर्टवर सही तुमची लागते. हे खरं असेल तर ४२ हजार देऊनही रविवार सुटणार नाही, उलट "एवढा पगार घेतोस" म्हणून हक्काने बोलावतील. दुसरा इन्स्पेक्टर नेमणं किंवा आत्ताच्या एखाद्या ऑपरेटरला तयार करून सहीचा अधिकार देणं, एवढाच त्याला उपाय आहे. मालकांनी खरंच विचार केला असेल तर ते त्या माणसाचं नाव आणि तारीख सांगू शकतील. "बघू, करू काहीतरी" म्हणाले तर काही ठरलेलं नाही असं समजा.

ते नुसता वेळ काढताहेत का, हेही ओळखता येतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ग्राहकाचं ऑडिट आहे का, एखाद्या नव्या पार्टचं पीपीएपी, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीची कागदपत्रं, तुमच्याकडे अडकलंय का, ते तुम्हाला माहीतच असेल. असेल तर त्यांची घाई त्या तारखेपुरतीही असू शकते. थांबायला सांगताना त्याच आठवड्यात एखाद्या ज्युनिअरला "सगळं शिकवून ठेव" म्हणाले, तर तो माझ्या सातव्या महिन्यातला माणूस आहे. शिकवण्यात वाईट काही नाही, पण तो रविवार वाटून घ्यायला येतोय की तुमची जागा घ्यायला, ते विचारून घ्या.

उलटंही बघितलंय. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने मिरज एमआयडीसीत स्टोअर्समधून असाच पेपर टाकला होता. कारण होतं दुसरी शिफ्ट, रात्री साडेअकराला घरी पोचणं. मालकांनी पगार दोनच हजार वाढवला, पण पुढच्या सोमवारपासून जनरल शिफ्ट असं पत्र दिलं, आणि तिने तो सोमवार प्रत्यक्ष आल्यावरच राजीनामा मागे घेतला. सहा वर्षं झाली, ती तिथेच आहे आणि खूश आहे.

तुमच्या जागी मी असतो तर असं करतो. उद्या मालकांना भेटून सांगायचं, "साहेब, पगाराचं तुम्ही चांगलं केलंत. पण मी रविवारमुळे निघालोय. महिन्यातून किती रविवार, त्याची बदली सुट्टी, दुसरा माणूस कधीपासून, आणि एप्रिलची वाढ वेगळी, एवढं पत्रात द्या." आवाज चढवायची गरज नाही. त्यांना आठ दिवस द्या. नोटिशीचा विसावा-एकविसावा दिवस उजाडेपर्यंत सही-शिक्क्याचं पत्र हातात नसेल तर चाकणला जायचं, आणि त्यानंतर दुसरा चहा घ्यायला केबिनमध्ये बसायचं नाही.

पत्र मिळालं आणि थांबायचं ठरलं, तर राजीनामा मागे घेतल्याचा अर्ज लेखी द्या आणि त्यावर "राजीनामा रद्द, सेवा अखंड" असं उत्तर घ्या. हे मात्र विसरू नका. नाहीतर फाइलमध्ये राजीनामा तसाच पडून राहतो, आणि पाच वर्षांचा प्रश्न येतो तेव्हा कुणीतरी तो काढून दाखवतो. पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चुकून भरली नाही ना, तेही ईपीएफओच्या साइटवर महिन्याभराने बघा. चाकणच्या एचआरला त्याच दिवशी फोन करा आणि मेलही टाका. महिनाभर आधी नाही म्हटलेलं ते समजून घेतात, रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवलेला नाही.

आईंचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, पण मला वाटतं खरं वजन तिथेच आहे. त्यांना एकदा विचारा, की मुलगा सांगलीत असून रविवारीसुद्धा घरी नसतो हे बरं, की चाकणला राहून महिन्यातले दोन रविवार पूर्ण घरी असतो ते बरं. आणि मालकांचं पत्र आलं की पगाराचा आकडा झाकून रविवारचा मजकूर इथे टाका, मी वाचून सांगतो.